घोडीची चंदी बदलली आणि तिसऱ्या दिवशी पोटशूळ: आत नेमकं काय घडतं?

नीराकाठ

मंडळी, यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडी आणली. पाच वर्षांची, अंगानं बेताची, वजन साधारण ३५० किलो. विकणाऱ्याकडे तिला सकाळ-संध्याकाळ एकेक किलो जव-हरभऱ्याचा भरडा आणि बाकी दिवसभर ज्वारीचा कडबा असायचा. ट्रकमधून दहा-अकरा तासांचा प्रवास करून आम्ही घरी पोचलो.

आमच्याकडे मका भरपूर. प्रवासानं थकली असेल, अंगावर यावी, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही वेळा अडीच-अडीच किलो मक्याचा भरडा गूळ घालून दिला. वर लसूणघासाची हिरवी पेंढी. तिनं तोबरा चाटूनपुसून साफ केला. घरातले सगळे खूश.

तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून खुराचा आवाज आला. पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून सारखी कुशीकडं बघायची, बसायची, लगेच उठायची. मानेवर घाम, वरचा ओठ वर दुमडलेला. रात्रीपासून लीद पडलेली नव्हती. डॉक्टर दीड तासात आले म्हणून घोडी वाचली.

मला समजून घ्यायचंय ते असं. गाईचा चारा बदलला तर ती दोन दिवस कमी खाते, दूध उतरतं, पण सहसा सावरते. मग घोडी एवढ्यानं मरणाच्या दारात का जाते? आणि मका द्यायचाच होता तर कसा द्यायला हवा होता?

---

गोठेकरी

भाऊ, घोडी वाचली हे मोठंच. आमच्याकडं चार म्हशी आणि बैलजोडी आहे, घोडा नाही, पण हे दुखणं ओळखीचं वाटतंय. बैलानं धान्याच्या पोत्यात तोंड घातलं की पोट आंबतं. आम्ही खाण्याचा सोडा पाण्यातून पाजतो. तुमचंही तसंच झालं असणार. घोड्याचं जठर लहान, त्यात कोरडा भरडा गेला, पाणी प्यायल्यावर फुगला आणि तटतटला. पुढच्या वेळी मका रात्रभर भिजवून द्या, आधीच फुगलेला असला की त्रास नाही.

---

खूरवैद्य

@गोठेकरी, "पोट आंबतं" हे तुम्ही अगदी बरोबर धरलंय. फक्त जागा चुकली. या घोडीच्या जठरात नाही, फार पुढं, मागच्या आतड्यात आंबलं असणार. गाय आणि घोडा यांच्यातला सगळा फरक तिथंच आहे.

गाईचा आंबवण्याचा कोठा आधी येतो आणि खरं जठर नंतर. चारा-धान्य काहीही असो, आधी जिवाणूंच्या हाती पडतं. घोड्यात क्रम उलटा. अन्न आधी जठरात जातं, आणि ते एवढ्या मोठ्या जनावराच्या मानानं फारच लहान, दहा-पंधरा लिटरचं. तिथून लहान आतडं. त्याची लांबी वीस मीटरच्या आसपास, पण अन्न तिथून दोन-तीन तासांतच पुढं सरकतं. धान्यातला स्टार्च पचवून घ्यायला शरीराला मिळतो तो एवढाच वेळ.

त्यानंतर येतं ते घोड्याचं खरं कोठार. आधी आंधळं आतडं, म्हणजे मीटरभर लांबीची, पंचवीस-तीस लिटर मावेल अशी पिशवी. तिला आत यायची आणि बाहेर जायची तोंडं एकाच टोकाला. मग मोठं आतडं, तीन-चार मीटर लांब, पण भलतं रुंद, आणि पोटात मावावं म्हणून दुमडून ठेवलेलं. गवत-कडब्याचं काम इथं चालतं. जिवाणू तंतू फोडतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती आतड्यातून रक्तात जातात आणि त्यावर घोडा पळतो. अन्न इथं दीड-दोन दिवस मुक्काम करतं.

आता तुमचा मका. मक्याच्या वजनात जवळजवळ दोनतृतीयांश स्टार्च. अडीच किलोत झाला दीड किलोच्या वर. घोड्याला एका वेळी, दर किलो वजनामागं, एक ग्रॅमच्या आसपास स्टार्च सोसतो असं आम्ही धरतो. जुन्या शिकवणीत दोन ग्रॅमपर्यंत मुभा होती. म्हणजे तुमच्या ३५० किलोच्या घोडीला एका तोबऱ्यात ३५० ग्रॅम स्टार्च, फार तर ७००. मक्याच्या हिशेबात अर्धा किलो, ताणून एक किलो. तुम्ही अडीच दिला. त्यात कच्च्या मक्याचा स्टार्च लहान आतड्यात ओटच्या मानानं खूपच कमी पचतो.

उरलेला सगळा मागच्या कोठारात जाऊन पडला. तिथं कडब्यावर जगणाऱ्या जिवाणूंची वस्ती होती. स्टार्च खाणारे थोडेच असतात, पण ते झपाट्यानं वाढतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आंबटपणा वाढला की तंतू फोडणारे मरतात, आणि मरताना त्यांच्यातून विष सुटतं. वायू साठतो, आतडं ताणतं, त्याची लय बिघडते. तो पोटशूळ. भिजवल्यानं यातलं काहीच बदलत नाही, कारण स्टार्च तेवढाच राहतो.

सोड्याचं म्हणाल तर तोंडानं पाजलेला सोडा त्या कोठारापर्यंत सोडा म्हणून पोचत नाही. घोड्याला असं काही पाजू नका.

---

वरातीचा_घोडा

आमचा धंदाच घोड्याचा. लग्नसराईत आमच्या जनावराचं अर्धं दुखणं पाहुण्यांच्या हातातून येतं. नवरदेव चढेपर्यंत कोणी पेढा देतं, कोणी जिलबी, कोणी पोळ्यांची चवड. एका लग्नात आमच्या पांढऱ्या घोड्यानं आचाऱ्याच्या मागं ठेवलेला भात खाल्ला, परात रिकामी केली. रात्रभर मी आणि माझा मुलगा त्याच्याजवळ बसून होतो.

तेव्हापासून वरातीला निघण्याआधी त्याला पोटभर कडबा देतो आणि वाटेत तोंडाला जाळी. लोक म्हणतात, मुक्या जीवाला उपाशी ठेवता. मी म्हणतो, काका, आहेर नवरदेवाला द्या, घोड्याला नको.

---

पाटीलवाडा

खूरवैद्य, सगळं पटलं पण निदान एवढ्या घाईनं नको. आमच्याकडं सहा जनावरं आहेत, दर वर्षी यात्रेतून एखादं येतं. नवीन घोड्याला पोटशूळ होतो तो माझ्या अनुभवात बहुतेक वेळा प्रवासाचा आणि पाण्याचा. ट्रकमध्ये दहा तास पाणी नाही, घरी आल्यावर परक्या पाण्याला तोंड लावत नाही, डिसेंबरात हौदातलं पाणी बर्फासारखं गार. आत कडबा कोरडा पडतो आणि अडकतो. मक्याचा दोष असेल, पण तो एकटाच आरोपी नाही.

नीराकाठ, दोन गोष्टी सांगा. पहिल्या दोन दिवसांत तिनं पाणी किती प्यायलं? आणि औषधानंतर पहिली लीद कशी पडली?

---

नीराकाठ

पाणी मोजलं नाही, ही माझी चूक. पण २० लिटरची बादली पहिल्या दिवशी अर्धीच रिकामी झाली होती, एवढं आठवतं.

पहिली लीद दुपारी तीनला. लहान, कडक, काळसर गोळ्या, वर चिकट पापुद्रा. रात्री मात्र सैल, शेणासारखी, आणि आंबूस वास.

---

पाटीलवाडा

अर्धी बादली म्हणजे दहा लिटर! कोरड्या वैरणीवरच्या घोड्याला थंडीतही वीस-पंचवीस लिटर लागतं. कडक गोळ्या आणि पापुद्रा ही अडकल्याची खूण. मी म्हटलं तेच.

---

खूरवैद्य

आणि नंतरची आंबूस सैल लीद ही माझ्या बाजूची खूण. दोन्ही एकावर एक झालं असेल. मोठं आतडं जिथं वळसा घेऊन एकदम अरुंद होतं, तिथं कोरडा चारा अडकतो. त्याच्या मागं मका आंबत असेल तर वायूला वाट उरत नाही. मोठ्या आतड्याचा डावा भाग पोटात कशालाही घट्ट बांधलेला नसतो. फुगला की सरकतो, कधी पिळा पडतो, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. तपासणारा मी नव्हतो, त्यामुळं कोणतं आधी हे इथं बसून ठरवणार नाही.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली होती का? ठोके किती होते?

---

नीराकाठ

हो, नळी घातली. आधी काही उलट येतंय का बघितलं, फारसं आलं नाही. मग त्याच नळीतून पातळ पॅराफिन आणि पाणी सोडलं. वेदनेचं इंजेक्शन शिरेतून. ठोके मिनिटाला ६४. हिरड्या गुलाबी होत्या, त्यावर डॉक्टरांना जरा धीर आला. उजव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत उभे होते. मला म्हणाले, "एरवी इथं दर मिनिट-दोन मिनिटांनी मोरीतून पाणी उतरल्यासारखा आवाज येतो. आज गप्प आहे." मलाही ऐकवलं. काहीच नाही. ती शांतता मी विसरणार नाही.

---

खूरवैद्य

स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके २८ ते ४४. साठीच्या वर गेले की थांबायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी आधी उलट येतंय का पाहिलं ते फार महत्त्वाचं. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाची झडप एवढी घट्ट असते की आतला माल परत वर येत नाही. जठर भरत गेलं तर फुटतं, पण रिकामं होत नाही. म्हणून नळी.

---

सायली_पुणे

शीर्षक वाचून मी माझ्या सशाबद्दल विचारायला आले होते, आता घोड्यात अडकले. 🙂 आमच्या सशालाही गाजर-बिस्किटं जास्त झाली की पोट फुगतं, आणि डॉक्टर म्हणतात गवतच द्या. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, तसं घोड्याचं असतं का?

---

खूरवैद्य

प्रश्न चांगला आहे. ससाही मागच्या आतड्यात आंबवणारा. मागच्या कोठारात जिवाणू जी प्रथिनं बनवतात, ती लहान आतडं मागं पडल्यावर बनतात, म्हणून बरीचशी वाया जातात. ससा ती परत खाऊन मिळवतो. मोठा घोडा असं सहसा करत नाही. पण शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची ताजी लीद खातं. लोक घाबरून जंताचं औषध द्यायला निघतात. बऱ्याचदा तसं काही नसतं. त्याचं कोठार जन्मतः रिकामं असतं, आणि वस्ती वसवायचं बियाणं त्याला आईच्या लिदीतूनही मिळतं.

---

तोबरा

माझे वडील मोतद्दार होते. शिकलेले नव्हते, पण पागेत त्यांचा शब्द चालायचा. त्यांचे नियम सांगतो. चंदीआधी पेंढीभर गवत. चंदी कमी आणि वेळा जास्त. घोडा कामावर गेला नाही त्या दिवशी चंदी निम्मी. आणि नवीन घोडा आला की जुन्या मालकाकडची आठवड्याची वैरण गाडीत घालून आणायची. भाव ठरवतानाच ती मागून घ्यायचे, "लगामासोबत कडबाही द्या" म्हणून.

ते आणखी एक म्हणायचे, पाणी आधी आणि चंदी नंतर, नाहीतर दाणा वाहून जातो. ते खरं का, डॉक्टर?

---

खूरवैद्य

तुमच्या वडिलांचे चारही नियम आज कुणी विचारलं तर मी तसेच्या तसे सांगेन. पाण्याबद्दल मात्र वेळ धरून बसू नये. पाणी चोवीस तास समोर असावं. ज्याच्यासमोर ते सतत असतं तो घटाघट पीत नाही, त्यामुळं वाहून जाण्याचा प्रश्नच फारसा येत नाही.

---

गोठेकरी

म्हणजे दोष धान्याचा, वैरण कितीही बदला, चालेल. बरोबर?

---

पाटीलवाडा

नाही, तिथंच लोक फसतात. गेल्या उन्हाळ्यात कडबा संपला म्हणून मी एका रात्रीत सगळ्यांना गव्हाच्या भुश्यावर आणलं. चंदी तीच, काम तेच. चौथ्या दिवशी दोन घोडे आडवे. भुसा बारीक, कोरडा आणि चिवट. तो आत जाऊन गच्च बसला. आता जुनी वैरण संपायच्या दोन आठवडे आधी नवी आणतो आणि मिसळत जातो.

---

खूरवैद्य

याला दुजोरा. वैरण बदलल्यावर पोटशूळ वाढतो हे अमेरिकेतल्या पाहण्यांतही दिसलंय. नुसत्या गवताचा नवा लॉट आला तरी. प्रत्येक चाऱ्याला लागणारी जिवाणूंची वस्ती थोडी वेगळी असते, आणि ती बदलायला दिवस लागतात.

---

उत्रेख्तची_वैशाली

नेदरलँड्समधून. मी इथं एका तबेल्यात शनिवार-रविवार काम करते. इथं मका कोणी देत नाही, पण वसंतातलं कोवळं गवत हीच आमची भीती. हिवाळाभर वाळलेल्या गवतावर असलेला घोडा एप्रिलमध्ये कुरणात सोडायचा तर पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत. त्या गवतात फ्रुक्टान नावाची साखर असते, ती लहान आतड्यात पचतच नाही, थेट मागं जाते. म्हणजे धान्याचा एक दाणा न देताही तीच गोष्ट. इथं पोटापेक्षा जास्त भीती खुरांची. नीराकाठ, तुमच्या घोडीचे खूर बघितलेत ना?

---

नीराकाठ

खुरांचा पोटाशी काय संबंध?

---

खूरवैद्य

वैशालीताईंनी बरं काढलं, मीच आधी सांगायला हवं होतं. मागच्या आतड्यातलं ते विष रक्तात उतरलं तर एक-दोन दिवसांनी खुराच्या आत सूज येते, लॅमिनायटिस. पोट बरं झालं म्हणून मालक निश्चिंत होतो आणि घोडा पुढचे पाय पुढं टाकून, मागच्या पायांवर भार देऊन उभा राहायला लागतो. वळताना कचरतो. खूर हाताला गरम लागतात, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण उडते. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. जरा शंका आली तर लगेच फोन.

---

नीराकाठ

आज सहावा दिवस. आत्ता गोठ्यात जाऊन आलो. चारही खूर गार. वळवून बघितली, कुरकुर नाही.

---

रानपाखरू

एक विचारते. पोटशूळ झाला की घोडा चालवत ठेवायचा, खाली बसू द्यायचा नाही, असं आमच्याकडं सांगतात. आणि तेल पाजतात, बांबूच्या नळकांड्यानं.

---

वरातीचा_घोडा

चालवायचाच. बसला की लोळतो, लोळला की आतडं पिळतं.

---

खूरवैद्य

लोळल्यानंच पिळा पडतो याला फारसा आधार नाही, उलट पिळा पडलाय म्हणून लोळतो असंही असतं. दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, वायू सरकायला कधी मदत होते. पण तासन् तास ओढत फिरवून दमवू नका. शांत पडून असेल तर पडू द्या. आपटत असेल तर मोकळ्या मऊ जागी न्या आणि स्वतःला जपा. समोरची वैरण-चंदी काढून घ्या.

तेल मात्र बांबूनं कधीच नको. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं खराब होतात. पोटशुळातून वाचलेला घोडा तेलानं गेलेला मी पाहिलाय.

---

वरातीचा_घोडा

चालवण्याबद्दल माझं मत मी सोडणार नाही, माझे घोडे चालवूनच उठलेत. तेलाचं ऐकतो.

---

नीराकाठ

आता माझा मूळ दुसरा प्रश्न राहिलाय. मका द्यायचाच तर कसा? मी असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. विकणाऱ्याला फोन केला, त्यानं एसटीच्या पार्सलनं त्याच्याच भरड्याची दोन पोती पाठवलीत. पुढचे दहा दिवस फक्त कडबा आणि तोच भरडा, तोही निम्मा. मग दर दोन-तीन दिवसांनी एक मूठ भरडा कमी, एक मूठ मका जास्त. एका तोबऱ्यात मका अर्ध्या किलोच्या वर कधीच नाही. लसूणघास आधी कडब्यात कुटी करून.

---

खूरवैद्य

चालेल. लीद सैल झाली किंवा वास बदलला की एक पायरी मागं. चंदी बदलायला मी दहा ते चौदा दिवस धरतो.

---

पाटीलवाडा

मी एकवीस धरतो, आणि वैरणीला तर त्याहून जास्त. घाई काय आहे? आणि खरं सांगू, घोडी मेहनतीला नसेल तर मका हवाच कशाला? कडबा चांगला असेल तर नुसत्या त्याच्यावरही उभी राहील.

---

खूरवैद्य

यावर पाटीलवाड्याशी वाद नाही. बसून असलेल्या घोडीला चांगली वैरण, मिठाचा खडा आणि पाणी बहुतेक वेळा पुरतं.

---

तोबरा

नीराकाठ, लीद रोज किती वेळा पडते ते भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवा. वडील तसंच करायचे. आठ-दहा रेघा असल्या की ते झोपायला जायचे.

---

नीराकाठ

कालपासून रेघा मारतोय. काल सात होत्या. आज आत्तापर्यंत सहा, आणि अजून संध्याकाळची चंदी व्हायचीय. गोळे मोठे, ओलसर, जमिनीवर पडल्यावर फुटतात. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप घेऊन उजव्या कुशीला लावला. मोरीतून पाणी उतरल्याचा आवाज आला, मी घड्याळ लावून दोनदा ऐकला.